हललेला फोटो आणि फोकस चुकलेला फोटो : काय परत मिळते, काय मिळत नाही

घरातील मंगलप्रसंगाचे फोटो पाहताना एखादा अस्पष्ट निघाला की बहुतेक घरांत एकच वाक्य उच्चारले जाते : ‘फोटो हलला आहे.’ वास्तविक अस्पष्टतेची दोन सर्वस्वी भिन्न कारणे असतात. एकात बटण दाबताना कॅमेरा किंचित हललेला असतो. दुसऱ्यात कॅमेरा स्थिर असतो, परंतु भिंगाने ज्याच्यावर नजर रोखायला हवी होती त्याच्याऐवजी भलत्याच वस्तूवर रोखलेली असते. डोळ्यांना दोन्ही फोटो सारखेच धूसर वाटतात. मात्र संगणकावर ते सुधारायला घेतले की पहिल्यातून पुष्कळ काही परत मिळते आणि दुसऱ्यातून बहुधा फारच थोडे. ज्या कुटुंबाजवळ एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीचा शेवटचा फोटो असाच अस्पष्ट उरलेला असतो, त्याला हा भेद आधीच कळला, तर वेळ, पैसा आणि खोटी आशा या तिन्हींची बचत होते.

एका बिंदूचे काय होते?

अस्पष्टतेचे मर्म समजण्यासाठी संपूर्ण फोटोचा विचार न करता प्रकाशाच्या एकाच बिंदूचा विचार करावा. आजीच्या नथीतील मोत्यावर दिवा चमकतो आहे, असे समजा. फोटो स्पष्ट असेल तर ती चमक एक-दोन पिक्सेलमध्ये सामावते. शटर उघडे असताना कॅमेरा हलला, तर ती चमक हालचालीच्या मार्गाने ओढली जाते आणि बिंदूची एक बारीक रेघ होते. फोकस चुकला, तर तीच चमक सर्व दिशांनी पसरून गोल चकती होते. ही चकती म्हणजे भिंगाच्या उघड्या छिद्राचाच आकार असतो.

फोटोतील प्रत्येक बिंदूचे हेच होते. हललेल्या फोटोत असंख्य रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात, फोकस चुकलेल्या फोटोत असंख्य चकत्या. अस्पष्टता काढणे म्हणजे ही रेघ अथवा चकती ओळखून, गणिताच्या साहाय्याने पसरलेला प्रकाश पुन्हा मूळ जागी गोळा करणे. ते कितपत साधेल हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते : प्रकाश किती जागेत पसरला आहे, आणि तो एकाच दिशेने पसरला आहे की सर्व दिशांनी.

पेढीवरील दोन फोटो

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. पेढीच्या गादीवर आजोबा आणि आजी शेजारी-शेजारी बसले आहेत. आजोबांच्या मांडीवर खातेवही उघडी असून तिचे पान कॅमेऱ्याकडे आहे. ते कॅमेऱ्यापासून अडीच मीटरवर आहेत. त्यांच्या मागे, कॅमेऱ्यापासून चार मीटरवर, भिंतीला पेढीच्या नावाची पाटी आहे. कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटोची रुंदी ६००० पिक्सेल. त्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलीमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ मिलीमीटर रुंद. भिंग ५० मिलीमीटरचे असून त्याचे छिद्र एफ/१.८ इतके मोठे उघडले आहे, कारण ट्यूबलाइटचा उजेड अपुरा आहे. या मांडणीत फोटोतील एक पिक्सेल म्हणजे आजोबांच्या अंतरावरील साधारण ०.३ मिलीमीटर जागा.

पहिल्या फोटोत फोकस आजोबांवर अचूक आहे, पण शटरचा वेग एक सेकंदाचा पंधरावा भाग एवढा मंद आहे. बटण दाबताना कॅमेरा एका अंशाच्या सोळाव्या भागाएवढा खाली झुकला. इतक्या सूक्ष्म हालचालीनेही प्रत्येक बिंदू नऊ पिक्सेल लांबीच्या उभ्या रेघेत ओढला गेला.

दुसऱ्या फोटोत हात स्थिर राहिला. परंतु फोकसचा मधला बिंदू नेमका आजोबा आणि आजी यांच्यामधील मोकळ्या जागेतून आरपार गेला आणि मागच्या पाटीवर स्थिरावला. दोन माणसांच्या फोटोत ही चूक फार वेळा होते. पाटीची अक्षरे धारदार आली, पण आजोबांचा प्रत्येक बिंदू ३५ पिक्सेल व्यासाच्या चकतीत पसरला.

नऊ आणि पस्तीस हे आकडे चौपटीचे वाटतात. खरे अंतर त्याहून कितीतरी मोठे आहे. पहिल्या फोटोत एका बिंदूचा प्रकाश नऊ पिक्सेलमध्ये वाटला गेला. दुसऱ्यात तो चकतीच्या संपूर्ण क्षेत्रफळात, म्हणजे सुमारे ९६० पिक्सेलमध्ये वाटला गेला. शिवाय पहिल्या फोटोत नुकसान फक्त उभ्या दिशेने झाले. आडव्या दिशेने काहीच ओढले गेलेले नाही. म्हणून चष्म्याच्या उभ्या कडा, सदऱ्यावरील उभ्या रेषा आणि खांबाची धार अजूनही स्वच्छ आहे. भुवया, पापण्या, ओठ आणि चष्म्याची वरची आडवी काडी तेवढी जाडसर झाली आहे. दुसऱ्या फोटोत अशी एकही सुरक्षित दिशा उरलेली नाही.

वहीच्या पानावरील रेघा

आता खातेवहीच्या पानावरील आडव्या रेघा पाहू. दोन रेघांमधील अंतर आठ मिलीमीटर, म्हणजे फोटोत सुमारे २७ पिक्सेल. मूळ दृश्यात रेघ आणि कागद यांच्या उजळपणात ५० पायऱ्यांचा फरक आहे, असे धरू. (फोटोतील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उजळपणा सामान्यतः ० ते २५५ अशा पायऱ्यांनी मोजला जातो.)

हललेल्या फोटोत नऊ पिक्सेलची ओढ रेघांच्या अंतराच्या एक तृतीयांशच आहे. हिशेब केला तर पन्नासाचा फरक सुमारे ४१ वर येतो. तो पुन्हा ५० करण्यासाठी सव्वापटीहूनही कमी वाढ पुरते. हे काम संगणक निर्वेधपणे करतो आणि रेघा पूर्ववत दिसू लागतात.

फोकस चुकलेल्या फोटोत ३५ पिक्सेलची चकती रेघांमधील अंतराहून मोठी आहे. चकतीखाली रेघ आणि कागद दोन्ही जवळजवळ सारख्या प्रमाणात येतात आणि त्यांची सरासरी होते. पन्नासाचा फरक अवघ्या दोन पायऱ्यांवर उतरतो. तो परत ५० करायचा तर पंचवीसपट वाढ हवी. अडचण येथेच आहे. कमी उजेडात काढलेल्या प्रत्येक फोटोत सेन्सरचे दाणे असतात. प्रत्येक पिक्सेलचा उजळपणा काही पायऱ्यांनी उगाचच वरखाली होत असतो. रेघेचा फरक पंचवीसपट केला की दाण्यांचा फरकही पंचवीसपट होतो. दोन पायऱ्यांची रेघ तीन-चार पायऱ्यांच्या दाण्यांत आधीच बुडालेली असते. वाढवल्यावर पानावर रेघांऐवजी केवळ ठिपक्यांचे रान माजते.

रेघांमधील अंतर यापेक्षा किंचित अधिक, म्हणजे सुमारे साडेआठ मिलीमीटर असते, तर फरक दोनही न उरता नेमका शून्य झाला असता. शून्याला कितीही संख्येने गुणले तरी शून्यच. प्रत्येक चकतीला आणि प्रत्येक सरळ रेघेला असे काही ठराविक अंतर असते, ज्या अंतरावरील नक्षी ती संपूर्णपणे पुसून टाकते. नऊ पिक्सेलच्या ओढीसाठी ते अंतर सुमारे अडीच मिलीमीटर आहे आणि तेही फक्त उभ्या दिशेने. त्याहून बारीक तपशील दोन्ही फोटोंत पूर्णपणे मरत नाही, मात्र तो क्षीण होत जातो. आणि गोल चकतीत तो रेघेपेक्षा अधिक वेगाने, सर्व दिशांनी क्षीण होतो.

यावरून दोन्ही फोटोंचे भवितव्य स्पष्ट होते. पहिल्यात आजोबांच्या डोळ्यांतील चमक, भुवयांची ठेवण आणि ओठांची रेषा परत येईल. वहीतील मोठी अक्षरेही बहुतांशी वाचता येतील. दुसऱ्यात चेहऱ्याचा आकार, चष्मा आणि मिशी यांच्या कडा थोड्या आवळतील. परंतु एक सेंटिमीटरहून बारीक जे जे होते, म्हणजे पापण्या, सुरकुत्या आणि वहीतील अक्षरे, ते परत येणार नाही.

अंतराळातील एक मोठे उदाहरण

गणिताची शक्ती आणि मर्यादा या दोन्हींचे प्रसिद्ध उदाहरण हबल दुर्बिणीचे आहे. एप्रिल १९९० मध्ये ही दुर्बीण अवकाशात गेली आणि तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला सुमारे दोन मायक्रॉनने चुकीचा घासला गेल्याचे उघड झाले. प्रत्येक ताऱ्याभोवती पसरट वलय दिसू लागले. येथे शास्त्रज्ञांची एक जमेची बाजू होती : बिंदूचा पसरलेला आकार त्यांना ताऱ्यांवरूनच अचूक मोजता येत होता. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन लूसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली पद्धत वापरून तेजस्वी वस्तूंची चित्रे बरीच सुधारली. मंद तारे मात्र दाण्यांत हरवले ते हरवलेच. अखेर डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुर्बिणीला सुधारक आरशांची व्यवस्था बसवली. बिंदूचा आकार तंतोतंत ठाऊक असूनही जेथे गणित अपुरे पडले, तेथे घरगुती फोटोबाबत अपेक्षा माफकच ठेवणे शहाणपणाचे आहे.

याच विषयात महाराष्ट्राच्या एका सुपुत्राचे कार्य उल्लेखनीय आहे. मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी २००६ मध्ये अमित अग्रवाल आणि जॅक टम्बलिन यांच्यासह एक अभिनव कॅमेरा मांडला. त्यात एका फोटोच्या अवधीत शटर एकसलग उघडे न ठेवता अनियमित क्रमाने अनेकदा उघडझाप करते. त्यामुळे हलत्या वस्तूची रेघ तुटक होते, आणि सलग रेघ ज्या नक्षीला पूर्ण पुसते ती तुटक रेघ पुसत नाही. म्हणून अशा फोटोतून हलती वस्तू कितीतरी चांगली परत मिळवता येते. हातातील कॅमेऱ्याचा थरकापही पुष्कळदा सरळ नसून वेडावाकडा असतो. विचित्र वाटेल, पण हा वेडेवाकडेपणा उपकारकच ठरतो. वाकडी रेघ फारच थोडी नक्षी पूर्णतः नष्ट करते. अट एवढीच की तिचा नेमका आकार ओळखता आला पाहिजे.

निदान कसे करावे?

फोटो सुधारण्यास देण्यापूर्वी तो संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहावा आणि त्यातील चमकते बिंदू शोधावेत : डोळ्यांतील दिव्याचे प्रतिबिंब, दागिन्यांतील खडे, साडीवरील टिकल्या, मागची रोषणाई. सर्वत्र एकाच आकाराची बारीक रेघ अथवा आकडा दिसत असेल, तर कॅमेरा हललेला आहे. बिंदूंच्या गोल चकत्या दिसत असतील, तर फोकस चुकला आहे.

दुसरी खूण त्याहून सोपी आहे. फोटोत कुठेतरी, पुढे किंवा मागे, काहीतरी धारदार आहे का ते पाहावे. मागची पाटी किंवा पुढचे ताट स्वच्छ असेल, तर दोष फोकसचा. संपूर्ण चौकटीत काहीच स्वच्छ नसून कडा एकाच दिशेने दुहेरी वाटत असतील, तर दोष हाताचा. भिंत आणि बसलेली माणसे स्वच्छ असून केवळ धावत्या मुलाचा हात पुसट असेल, तर तो तिसराच प्रकार : कॅमेरा स्थिर होता, मूल हलले.

फोकस चुकलेल्या फोटोत आणखी एक गुंतागुंत असते. चकतीचा आकार अंतरानुसार बदलतो. आजोबांची चकती ३५ पिक्सेलची, तर त्यांच्या थोडे मागे उभ्या असलेल्या मुलाची त्याहून लहान. एकाच आकड्याने सर्व फोटो सुधारू पाहिला, तर एकाचा चेहरा सुधारतो आणि दुसऱ्याचा बिघडतो. म्हणून प्रत्येक चेहरा वेगळा निवडून काम करावे लागते.

प्रत्यक्ष काम

सर्वप्रथम मूळ फाइल मिळवावी. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो आकाराने लहान केलेला आणि दाबलेला असतो. ज्या बारीक फरकांवर गणित उभे राहते, तेच त्यात टाकून दिलेले असतात. कॅमेऱ्यातील कार्डावरची प्रत, आणि शक्य तर रॉ फाइल, हीच खरी पुंजी. त्यावर आधी उजळपणा वाढवणे, दाणे पुसणे किंवा धार चढवणे असे काही करू नये. अस्पष्टता काढण्याचे काम पहिले, बाकी सर्व नंतर.

फोटोशॉपमध्ये Smart Sharpen या फिल्टरमध्ये Remove असा पर्याय असतो. हललेल्या फोटोसाठी तेथे Motion Blur निवडून Angle मध्ये रेघेची दिशा द्यावी. वरील उदाहरणात ती उभी, म्हणजे नव्वद अंश आहे. फोकस चुकला असेल तर Lens Blur निवडावे. Radius अगदी लहान ठेवून हळूहळू वाढवावा आणि नजर कडांवर ठेवावी. चष्म्याच्या काडीशेजारी पांढरी-काळी प्रतिरेघ उमटू लागली, की आकडा प्रमाणाबाहेर गेला असे समजून एक पाऊल मागे यावे. उघड्या दिव्यांभोवती मात्र अशी वलये लवकर उमटतात. दिवा इतका प्रखर असतो की सेन्सर त्याचे खरे तेज नोंदवू शकत नाही, आणि चुकीच्या नोंदीवर गणितही चुकते. तेवढा भाग निवडीतून वगळावा.

किती अपेक्षा धरावी याचा ढोबळ अंदाज असा. चकती चार-पाच पिक्सेलची असेल, तर फोटो समाधानकारक सुधारतो. दहाच्या आसपास असेल, उदाहरणार्थ फोकस अडीच मीटरऐवजी २.८ मीटरवर गेला असेल, तर चेहरा जरा जिवंत होतो पण बारकावे येत नाहीत. पस्तीसच्या चकतीवर तासन्‌तास खर्च करण्यात अर्थ नाही. हालचालीची रेघ मात्र दहा-पंधरा पिक्सेलची असली तरी, ती सर्वत्र सारखी असेल आणि फोटोत दाणे कमी असतील, तर प्रयत्न करण्याजोगा असतो.

सर्वांत प्रामाणिक उपाय बहुधा छपाईचा आकार हाच असतो. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो सहा इंच रुंद छापला, तर नऊ पिक्सेलची रेघ कागदावर पाव मिलीमीटरहूनही लहान होते; हातात धरून पाहताना ती जाणवतही नाही. पस्तीसची चकती त्याच कागदावर जवळजवळ एक मिलीमीटरची राहते आणि खटकते. तो फोटो भिंतीवरील चौकटीसाठी नव्हे, अल्बममधील लहानशा चौकोनासाठी ठेवावा.

आकडा दिसला म्हणून खरा मानू नये

व्यापारी घरांत आणखी एक प्रश्न उद्भवतो. जुन्या पावतीचा किंवा खातेवहीच्या पानाचा मोबाइलने घेतलेला फोटो अस्पष्ट असतो आणि मूळ कागद हरवलेला असतो. सुधारलेल्या फोटोत आकडा वाचता येऊ लागला, तरी त्यावर विसंबण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चकती मोठी असली की ठराविक बारीक अंतरांवर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे उमटते. अक्षरातील पोकळी भरलेली दिसते आणि भरीव जागा पोकळ. त्यावर धार चढवली की १ चा ९ किंवा ३ चा ८ होऊ शकतो, आणि तोही अगदी ठसठशीत. असा आकडा म्हणजे पुरावा नव्हे, अंदाज होय. त्याच पानावरील बेरीज जुळते का, समोरच्या पक्षाच्या वहीत तीच रक्कम आहे का, बँकेच्या नोंदीशी ती मिळते का, हे पडताळूनच तो स्वीकारावा.

हाच नियम चेहऱ्यालाही लागू आहे. रिटचिंग करणारा कुशल कारागीर आजोबांच्या पापण्या आणि सुरकुत्या ब्रशने रंगवून देऊ शकतो, आणि कुटुंबाला ते आवडूही शकते. तसे करून घेण्यास हरकत नाही. फक्त त्या पापण्या कारागिराच्या कल्पनेतील आहेत, आजोबांच्या नव्हेत, याची नोंद मूळ फाइलसह जपून ठेवावी.

पुढच्या प्रसंगी दोन गोष्टी सांभाळल्या, तरी बहुतेक नुकसान टळते. ५० मिलीमीटरच्या भिंगाने शटरचा वेग एक सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून मंद ठेवू नये. त्यासाठी फोटोत दाणे थोडे वाढले तरी चालतील. आणि दोन माणसांच्या फोटोत फोकसचा बिंदू मधून हलवून जवळच्या व्यक्तीच्या डोळ्यावर ठेवावा. उजेड पुरेसा असेल तर छिद्र एफ/५.६ पर्यंत आवळावे. वरच्या उदाहरणातील चूक एफ/५.६ ला झाली असती, तर ३५ पिक्सेलची चकती ११ पिक्सेलची राहिली असती. आणि वहीच्या पानावरील रेघा पुसल्या न जाता पुसटशा का होईना, पण दिसल्या असत्या.